भेटी छान होतात, पण ओढ वाढत नाही: हे स्वतःशी आणि समोरच्याशी कसे बोलावे

प्रश्न: एका मुलाला मी गेल्या दोन महिन्यांत सहा वेळा भेटले. प्रत्येक भेट छान झाली. तो समंजस आहे, हसवतो, नीट ऐकून घेतो. पण घरी आल्यावर मनात काहीच उरत नाही. त्याला मात्र मी आवडायला लागले आहे, हे दिसतं. अजून वेळ द्यावा का? आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगू? त्याने तर काहीच चूक केलेली नाही.

उत्तर:

ओढ आज किती आहे यापेक्षा पहिल्या भेटीपासून ती वाढत आली आहे की नाही, हे पाहा. ती जागची हलली नसेल, तर पुढची भेट ठरण्याआधीच स्पष्ट शब्दांत सांगून टाका आणि सांगताना त्याला सुधारता येईल असे एकही कारण पुढे करू नका. उत्तर एवढेच आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट करताना माणसे अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाईट भेटीनंतर निर्णय घेणे सोपे असते. तुमची अडचण अशी आहे की भेटी चांगल्या झाल्या, आणि चांगल्या भेटीचा अर्थ आपण आपोआप ‘जमते आहे’ असा लावतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकमेकांना अनोळखी असलेल्या दोन व्यक्तींना समोरासमोर बसवून हळूहळू अधिक खासगी होत जाणारे प्रश्न परस्परांना विचारायला सांगितले होते. साधारण पाऊण तासात त्यांच्यात लक्षणीय जवळीक निर्माण झाली. पुढे हे प्रश्न ‘प्रेमात पाडणारे प्रश्न’ म्हणून गाजले. मला मात्र त्यातून वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: दोन समंजस माणसे मोकळेपणाने बोलली आणि एकमेकांचे ऐकू लागली, तर आपुलकी बहुधा निर्माण होतेच. त्या आपुलकीवरून समोरची व्यक्ती चांगली आहे आणि तिच्याशी बोलता येते एवढे कळते. तिच्याबद्दल ओढ आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. तुम्हाला भेटीत जे सुख मिळते ते खरेच आहे. फक्त तो तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पुरावा नाही.

दुसरी अडचण अशी की नकारासाठी काहीतरी दोष सापडलाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. दोष सापडत नाही तोवर नकाराचा अधिकार नाही असे वाटते आणि माणूस भेटत राहतो. मग नकळत दोषाचा शोध सुरू होतो. समुपदेशनाच्या खोलीत हा टप्पा मला लगेच ओळखू येतो, कारण सांगणाऱ्याची भाषा बदललेली असते. आधी ‘तो खूप छान आहे, पण…’ अशी वाक्ये येतात आणि काही आठवड्यांनी ‘तो प्रत्येक मेसेजच्या शेवटी तीच इमोजी टाकतो’, ‘हसताना मान मागे टाकतो ते मला सहन होत नाही’ असे काहीतरी येऊ लागते. त्या इमोजीने कोणाचे काही बिघडवलेले नसते. मन आपल्या नकाराला कारण पुरवण्याच्या धडपडीत असते आणि समोरची निरपराध व्यक्ती विनाकारण लहान होत जाते. तुमच्या बाबतीत हे अजून सुरू झालेले दिसत नाही, पण सुरू झालेच तर ते तुमच्या उत्तराचे लक्षण समजा. ओढ नसणे हे स्वतःच पुरेसे कारण आहे आणि ते कोणासमोर सिद्ध करावे लागत नाही.

आता ओढ वाढते आहे की नाही हे कसे ओळखायचे, त्याकडे वळू. भेट संपल्यानंतरच्या पहिल्या तासात स्वतःला काही विचारू नका, कारण त्या वेळी भेटीची ऊब शिल्लक असते. दोन दिवस जाऊ द्या आणि मग मधल्या काळात काय घडले ते आठवा. दिवसभरात काही मजेशीर किंवा त्रासदायक घडले तेव्हा ते त्याला सांगावेसे आपणहून वाटले का? त्याचे नाव फोनवर दिसले तेव्हा हात लगेच फोनकडे गेला, की ‘रात्री निवांत उत्तर देऊ’ असे म्हणून तो तसाच राहिला? त्याने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची उत्सुकता आहे, की विचारले पाहिजे म्हणून विचारता? हे दोन-चार ओळींत लिहून ठेवा. पुढच्या भेटीनंतरही असेच लिहा आणि मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. लिहायला मी मुद्दाम सांगते, कारण स्मरणशक्ती या बाबतीत फार सोयीस्कर असते. भेटायची इच्छा असली की ती चांगलेच आठवते आणि अपराधी वाटत असले तरीही चांगलेच आठवते.

त्यातही एक कसोटी मला इतरांपेक्षा विश्वासार्ह वाटते. ठरलेली भेट त्याने आयत्या वेळी रद्द केली, असे खरोखर कधी घडले असेल तर तो क्षण आठवा. घडले नसेल तर पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळी कल्पना करून पाहा. मनात पहिल्यांदा हिरमोड आला की सुटका? ‘बरे झाले, आज घरी पडून राहता येईल’ हे एखाद्या दमलेल्या दिवशी कोणालाही वाटेल, आणि अगदी आवडत्या माणसाच्या बाबतीतही वाटेल. पण दर वेळी तेच वाटत असेल, भेट ठरली की ती डोक्यावरचे काम वाटत असेल आणि प्रत्यक्ष गेल्यावर मात्र छान वाटत असेल, तर तुम्हाला सोबत आवडते. त्या माणसाची ओढ लागलेली नाही. शारीरिक जवळिकीच्या बाबतीतही असेच प्रामाणिकपणे पाहावे. त्याने हात हातात घेतला तेव्हा आणखी जवळ जावेसे वाटले, काहीच वाटले नाही, की हात कधी सोडवून घेता येईल याचा विचार आला? यातले मधले उत्तर सुरुवातीला चालते. सहाव्या भेटीलाही तेच असेल, तर ते गंभीरपणे घ्यायला हवे.

इथे घाई करू नये असे सांगणारी एक भक्कम बाजूही आहे. डॅनू ॲन्थनी स्टिन्सन आणि सहकाऱ्यांच्या, 2021 मध्ये ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहभागी झालेल्या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी आपले नाते आधी मैत्रीतून सुरू झाल्याचे सांगितले होते. म्हणजे पहिल्या भेटीत ठिणगी पडली नाही म्हणून माणूस सोडून द्यावा, हा सल्ला चुकीचा आहे. काही जणांना तर मनाची जवळीक पक्की झाल्याशिवाय आकर्षण वाटतच नाही, आणि त्यात काहीही वावगे नाही. पण हळू वाढणाऱ्या ओढीतही हालचाल दिसते. दुसऱ्या भेटीत न जाणवलेली एखादी गोष्ट चौथ्या भेटीत लक्ष वेधून घेते, त्याचा आवाज ओळखीचा वाटू लागतो, तो समोर नसताना त्याची आठवण मधूनच येऊन जाते. हे सगळे मंद असते, पण ते घडत असते. सहाव्या भेटीनंतरची नोंद दुसऱ्या भेटीनंतरच्या नोंदीसारखीच वाचता येत असेल, फक्त आता अपराधीपणाची एक ओळ वाढली असेल, तर त्याला हळू वाढणे म्हणता येणार नाही.

निर्णयाआधी दोन शक्यता तपासून घ्या. पहिली, अलीकडे तुम्हाला एकूणच काही वाटेनासे झाले आहे का? मित्रमैत्रिणी, आवडीची कामे, संगीत, यांतला रस गेला असेल, झोप आणि भूक बदलली असेल, तर हा प्रश्न त्या मुलाचा नसून तुमच्या प्रकृतीचा असू शकतो. नैराश्यात आणि नैराश्यावरच्या काही औषधांमुळेही इच्छा व भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोलावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. दुसरी शक्यता अशी की ज्याला तुम्ही ओढ म्हणता ती आजवर अनिश्चिततेतूनच आलेली असेल. त्याचा फोन येईल की नाही, आपण त्याला आवडतो की नाही, या धाकधुकीलाच प्रेम समजण्याची सवय लागलेल्यांना भरवशाचा माणूस सपक वाटतो. आधीच्या नात्यांमध्ये तुम्ही सतत अस्वस्थ असायचात आणि इथे पहिल्यांदाच शांत आहात, असे असेल तर थोडे थांबण्यात अर्थ आहे. मात्र शांत वाटणे आणि उदासीन असणे यांत फरक आहे, आणि तो वर सांगितलेल्या मधल्या दिवसांच्या नोंदीतच दिसतो: शांत माणसालाही भेटीची वाट पाहावीशी वाटते.

तरीही शंका उरली तर आणखी एखाद-दुसरी भेट घ्या, पण तिचे स्वरूप बदला. बहुतेक डेट म्हणजे समोरासमोर बसून गप्पा. सहाही भेटी तशाच झाल्या असतील तर तुम्ही त्याला एकाच कोनातून पाहिलेले आहे. एकत्र काहीतरी करा, ज्यात दोघांना हातपाय हलवावे लागतील, थोडी फजिती होईल, एकमेकांची मदत लागेल. या भेटीनंतर मी ठरवणार, हे स्वतःशी आधीच पक्के करा. त्याची गुंतवणूक वाढते आहे हे दिसत असताना तुम्ही मनातल्या मनात परीक्षा घेत राहणे योग्य नाही, म्हणून त्याला एवढे सांगता येईल की ‘मला वेळ लागतो आहे आणि माझे मन अजून मला कळलेले नाही.’ हे वाक्य खरे असेल तरच वापरावे, आणि एकदाच. उत्तर कळून चुकल्यावर हेच वाक्य म्हटले, तर ते खोटे ठरते.

आता सांगण्याकडे येते. नकार देणे आपल्याला जमेल असे बहुतेकांना वाटते आणि प्रत्यक्षात अनेकांना जमत नाही. समॅन्था जोएल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दिसायला न आवडलेल्या व्यक्तीशी संपर्क वाढवायला लोक तयार होतात का, हे पाहिले होते. काहींना हा प्रसंग केवळ कल्पनेतला आहे असे सांगितले होते, तर काहींना ती व्यक्ती खरोखर जवळच आहे असे वाटत होते. खरा प्रसंग समजणाऱ्यांमध्ये होकार देणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त निघाले आणि त्यामागे समोरच्याला दुखावण्याची चिंता हे एक कारण होते. ज्या व्यक्तीला कधी भेटलेलोही नाही तिच्याबाबत हे घडत असेल, तर सहा वेळा आपल्याला हसवणाऱ्या माणसासमोर जीभ अडखळली यात आश्चर्य नाही.

अडखळलेल्या जिभेतून काय बाहेर पडते, ते एका उदाहरणातून सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. तिशीतला एक पुरुष एका मुलीला तुमच्यासारखाच काही आठवडे भेटत होता. ओढ नाही हे त्याला कळले होते आणि ते त्याने सांगितलेही होते, असे त्याचे ठाम म्हणणे होते. तरी ती मेसेज करत राहते, अशी त्याची तक्रार होती. मी त्याला तो मेसेज वाचून दाखवायला सांगितला. तो असा होता: ‘तू खूपच छान मुलगी आहेस, खरं तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला कोणीतरी तुला मिळायला हवा. पण सध्या कामाचा फार ताण आहे आणि मी नात्याला हवा तेवढा वेळ देऊ शकत नाहीये. सॉरी, मला थोडा वेळ हवा आहे. बघू पुढे कसं जमतं.’ तिचे उत्तर होते: ‘काही हरकत नाही, मी समजू शकते. घाई नाहीये, मी थांबेन.’ त्यावर त्याने हृदयाची इमोजी पाठवली होती.

या मेसेजमध्ये नकार कुठेच नाही. ‘सध्या’ या शब्दाने दार उघडे ठेवले, कामाच्या ताणाने तिला वाट पाहण्याचे कारण दिले आणि ‘बघू पुढे’ने भविष्यही दाखवले. तिने जे वाचले ते अगदी बरोबर वाचले. त्याच्या डोक्यात नकार इतका पक्का होता की तो शब्दांत उतरलाच नाही, हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या आठवणी गोळा करून 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यातही हेच चित्र आहे. प्रेम करणाऱ्यांना वाटत होते की आपल्याला आशा दाखवली गेली आणि नकार कधी स्पष्टपणे कळवलाच गेला नाही. नकार देणाऱ्यांना आपण निर्दोष आहोत असे वाटत होते, तरी अपराधीपणाही छळत होता. शिवाय अशा वेळी कसे वागावे, काय बोलावे, याचा कोणताही ठरलेला नमुना त्यांच्यापाशी नव्हता.

त्या पुरुषाबरोबर बसून आम्ही जो मजकूर तयार केला, तो तुमच्या प्रसंगाला जुळवून असा होईल:

‘आपल्या भेटी मला मनापासून आवडल्या आणि तुझ्याशी बोलताना मी मोकळी असते. पण प्रेमाच्या दिशेने माझ्या मनात काही वाढत नाहीये, आणि ते पुढे वाढेल असंही मला वाटत नाही. म्हणून आपण आता भेटणं थांबवावं, असं मी ठरवलं आहे. तुला अंधारात न ठेवता हे आत्ताच सांगणं मला योग्य वाटलं.’

पहिले वाक्य खरे आहे म्हणूनच आहे. भेटी खरोखर आवडल्या नसत्या तर ते काढून टाकले असते. आणि ते एकच आहे, कारण कौतुकाची तीन वाक्ये झाली की वाचणारा चौथ्या वाक्यात होकार शोधू लागतो. दुसऱ्या वाक्याचा पहिला भाग आजचा आहे आणि दुसरा उद्याचा. हा दुसरा भाग लोक हमखास गाळतात, कारण तो लिहिताना सर्वांत कठोर वाटतो. पण तोच नसेल तर ‘अजून दोन-चार भेटींनंतर बघू’ हे उत्तर येणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या वाक्यात निर्णय आहे आणि तो झालेला आहे. ‘तुला काय वाटतं?’ असे त्यापुढे जोडू नका, कारण ज्यावर त्याचे मत चालणार नाही त्यावर ते मागणे हा अन्याय आहे. चौथे वाक्य नसले तरी चालेल. ते मी ठेवते, कारण आत्ताच का, हे त्यातून कळते.

या मजकुरात ‘सॉरी’ नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नकाराबरोबर मागितलेल्या माफीचा परिणाम तपासला होता. माफीमुळे नकाराचे दुःख कमी होण्याऐवजी वाढल्याचे आणि समोरच्यावर ‘माफ केले’ असे म्हणण्याचे दडपण येत असल्याचे त्यात दिसले. मलाही हे पटते. ज्याला नुकताच धक्का बसला आहे त्याला ‘अगं, काही हरकत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस’ असे म्हणायला लावणे म्हणजे त्याच्या दुःखाच्या वेळी आपलीच समजूत काढून घेणे. तुम्ही त्याला उशीर करून ताटकळत ठेवले असेल, खोटे सांगितले असेल, तर त्या विशिष्ट वागण्याची माफी जरूर मागा. ओढ न वाटल्याची माफी मागू नका.

खोटी कारणेही तितकीच टाळा. ‘मी अजून जुन्या नात्यातून बाहेर आलेले नाही’, ‘मला सध्या कोणतंच नातं नको’ ही वाक्ये सौम्य वाटतात, पण दोन महिन्यांनी तुम्ही दुसऱ्या कोणाबरोबर दिसलात की त्याला दोन गोष्टी एकदम कळतात: आपण नको होतो आणि आपल्याशी खोटे बोलले गेले. खरी पण सुधारता येण्याजोगी कारणेही धोक्याचीच. ‘तू जरा जास्तच शांत असतोस’ असे म्हणालात, तर तो पुढच्या वेळी बोलका होऊन येईल आणि तुमच्यापाशी नकाराचे कारण उरणार नाही. पण नकार उरेलच.

हे सांगायचे कसे, यावर लोक फार वाद घालतात. माझे मत असे आहे की एक-दोन भेटींनंतर मेसेज पुरेसा आणि बहुधा दयाळूही असतो, कारण समोरच्याला आपला चेहरा सावरावा लागत नाही. सहा भेटींनंतर, विशेषतः शारीरिक जवळीक झाली असेल तर, फोन करावा. ‘एक गोष्ट बोलायची आहे, आज दहा मिनिटं मोकळा आहेस का?’ असे विचारून फोन करा आणि पहिल्या दोन मिनिटांतच मुद्द्यावर या. समोरासमोर सांगायचे असेल तर ती भेट छोटी ठेवा आणि त्याला लगेच उठून जाता येईल अशी जागा निवडा. नेहमीसारखी छान संध्याकाळ घालवून निरोपाच्या वेळी सांगू नका. ते दोन तास त्याला नंतर फसवणुकीसारखे आठवतील. त्याच्या महत्त्वाच्या परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्री सांगू नका, एवढे तारतम्य हवेच. पण ‘चांगला दिवस’ शोधत बसलात तर तो सापडणार नाही. पुढे एकत्र काही ठरवून ठेवले असेल तर ते रद्द करण्याची जबाबदारी तुम्ही घ्या आणि त्याच संभाषणात तसे सांगा. काही न सांगता हळूहळू उत्तरे देणे बंद करणे, म्हणजे ज्याला आता सगळेच घोस्टिंग म्हणतात, हा मार्ग फक्त एका परिस्थितीत मी सुचवते. त्याने पूर्वी धमकावले असेल, पाठलाग केला असेल किंवा ‘नाही’ म्हटल्यावर जबरदस्ती केली असेल, तर स्पष्टीकरण देणे लागत नाही. एक ओळीचा नकार पाठवून किंवा तोही न पाठवता संपर्क बंद करावा, एकटीने भेटायला जाऊ नये आणि जवळच्या कोणाला तरी सांगून ठेवावे.

त्याच्याकडून बहुधा ‘का?’ हा प्रश्न येईल. त्याचे खरे उत्तर ‘कारण सापडत नाही’ हेच आहे, आणि ते असे देता येते: ‘तुझ्या वागण्यातलं कोणतंही कारण नाही. ओढ वाटायला हवी होती, ती वाटली नाही. यापेक्षा नेमकं मलाही सांगता येत नाही.’ तो पुन्हा विचारेल, कदाचित तिसऱ्यांदाही विचारेल. दर वेळी नवे कारण शोधू नका, तेच वाक्य जवळपास त्याच शब्दांत सांगा. कठोर वाटेल, पण प्रत्येक नवे कारण त्याला वाद घालण्यासाठी नवी जागा देते. ‘अजून थोडा वेळ देऊन बघूया का?’ याला ‘मी तो वेळ घेतला आहे, म्हणूनच आज बोलते आहे’ हे उत्तर आहे. तो चिडला, तर शिव्या आणि अपमान ऐकत बसण्याचे बंधन नाही. तो नुसता गप्प झाला, तर ती शांतता भरून काढण्यासाठी कौतुकाचे शब्द पेरू नका. ‘तुला लगेच काही बोलायला हवं असं नाही’ म्हणून फोन ठेवावा.

मैत्रीबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण तुमच्या बाबतीत तो मोह खरा असणार. सोबत आवडते, ओढ नाही, म्हणजे मैत्री, हे गणित तुमच्या बाजूने बरोबर जुळते. त्याच्या बाजूने जुळत नाही, कारण त्याच्या मनात जे आहे ते मैत्रीपेक्षा जास्त आहे. नकाराच्या त्याच संभाषणात मैत्रीचा प्रस्ताव ठेवला तर तो बहुतेक वेळा सांत्वनासाठी दिला जातो आणि आशेने स्वीकारला जातो. त्याने विचारले तर ‘आत्ता नको, काही महिन्यांनी दोघांनाही सहज वाटलं तर बघू’ असे म्हणता येईल, पण तुम्हाला ते खरोखर हवे असेल तरच. एखाद्या आठवड्याने येणारा ‘कसा आहेस?’ हा मेसेज मात्र कटाक्षाने टाळा. तो पाठवणाऱ्याचा अपराधीपणा घटकाभर हलका होतो आणि वाचणारा पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहतो.

आणि तुम्हाला त्याची उणीव भासेल, याची तयारी ठेवा. रोज रात्री येणारा मेसेज थांबला की पहिले काही दिवस फोन रिकामा वाटतो आणि ‘म्हणजे मला तो आवडत होता की काय?’ असा प्रश्न पडतो. यात अनेक जण फसतात आणि नकार दिलेल्या माणसाला पुन्हा हाक मारतात, मग महिनाभराने तोच नकार दुसऱ्यांदा देण्याची वेळ येते. उणीव नेमकी कशाची भासते आहे, हे वेगळे काढून पाहा. कोणीतरी आपली विचारपूस करत होते, सुटीची संध्याकाळ ठरलेली असायची, कोणाला तरी आपण आवडत होतो, हे हरवले असेल, तर ती सोबतीची आणि सवयीची पोकळी आहे आणि बहुधा काही आठवड्यांत तिची धार कमी होते. खास त्याच्याच काही गोष्टी आठवत असतील, त्याच्याशीच बोलावेसे वाटत असेल आणि महिना उलटल्यावर ते कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तुमचे मन बदलले आहे असे समजायला जागा आहे. तेव्हाही संपर्क करताना मधला काळ पुसून टाकता येत नाही. मन का बदलले ते सांगावे लागेल, आणि त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याचा असेल.